मनूच्या पाठीचा फोटो

नरक चतुर्दशीच्या पहाटे मनूच्या पाठीला उटणं लावत होते. ती पाटावर गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसली होती. उजव्या बाजूने हात खाली नेताना बरगड्यांपाशी तो जरा वर चढत होता. डावीकडे तसं होत नव्हतं. दोन-तीनदा हात फिरवून पाहिला, दर वेळी तेच. मनूला तेव्हा बारावं लागलं होतं.

दिवाळी झाल्यावर नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला उभं करून पाहिलं, उजवा खांदा किंचित वर आहे म्हणाले. ‘दप्तर एकाच खांद्यावर घेत असेल, सवय मोडा,’ असं सांगून आम्हाला परत पाठवलं. तिला पुढे वाकायला त्यांनी सांगितलंच नाही. हे मला आजही सलतं, कारण सगळं काही त्या वाकण्यातच कळणार होतं.

माझी मावसबहीण पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तिला फोन केला तर ती म्हणाली, ‘अगं, उभ्या मुलीचे खांदे बघून काही ठरत नाही. एका पायावर भार देऊन उभं राहिलं तरी खांदा वरखाली दिसतो. तिला कमरेतून वाकव आणि मागून पाठीचा फोटो काढून पाठव.’

कारणही तिनेच सांगितलं. नुसत्या उभं राहण्याच्या सवयीने आलेला बाक वाकल्यावर निघून जातो. स्कोलिओसिस या कण्याच्या विकारात मात्र मणके बाजूला कलतात आणि त्याच वेळी स्वतःभोवती थोडे पिळलेही जातात. छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात, त्यामुळे मणका फिरला की एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जातात. वाकल्यावर तोच उंचवटा वर येतो.

मी लगेच फोटो काढून पाठवला. त्यात पाठ अगदी सपाट दिसत होती आणि माझा जीव भांड्यात पडला. पण ताईचा लगेच फोन आला. ‘तू उभी राहून वरून काढलायस. पांडवलेण्यांचा डोंगर तुमच्या गच्चीवरून बघतेस ना, तशी पाठ बघायची, क्षितिजाच्या कडेसारखी. वरून बघितल्यावर उंची कशी दिसणार? आणि तिचा एक गुडघा वाकलाय. त्याने कंबरच एका बाजूला उतरते.’ खिडकीतून एकाच बाजूने येणारा उजेडही तिला नको होता. त्याने एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते आणि नसलेला उंचवटा दिसू शकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही नीट तयारी केली. मनूचे बाबा अंबडच्या एका कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी स्टुलावर दोन जाड पुस्तकं ठेवली, त्यावर फोन टेकवला आणि पाणसळ लावून फोन तिरका नाही ना ते तपासलं. समोरच्या भिंतीवर ओळंबा सोडला, म्हणजे फोटोत एक खरी उभी रेषा राहील. मग ते बाहेर गेले.

मनूने जुना शर्ट उलटा घातला, बटणं पाठीवर येतील असा. बटणं उघडली की पाठ पूर्ण दिसते आणि पुढून अंग झाकलेलं राहतं. तिचे केस वर बांधले. पावलं जवळ, गुडघे सरळ, दोन्ही तळहात जोडलेले आणि खाली सैल सोडलेले, मान खाली. फोन तिच्या मागे, पाठीच्याच उंचीवर. खिडकी बंद केली आणि ट्यूब फोनच्या मागच्या भिंतीवरची लावली. ताईने सांगितल्याप्रमाणे ती हळूहळू वाकत गेली आणि मी तीन ठिकाणी फोटो काढले: थोडी वाकल्यावर, पाठ जमिनीला समांतर आल्यावर आणि त्याहून खाली गेल्यावर. दर वेळी फोनची उंची पाठीप्रमाणे बदलली. वरच्या पाठीचा उंचवटा कमी वाकल्यावर दिसतो, कमरेचा जास्त वाकल्यावर. एकच फोटो काढला तर यातला एखादा निसटतो.

मधल्या फोटोत ते उघड दिसलं. उजवीकडच्या बरगड्यांची कड डावीपेक्षा साधारण बोटभर उंच होती आणि कमरेकडे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होत्या. हा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा नाही, ताई आणि डॉक्टर सोडून कोणाला दाखवायचा नाही, काम झालं की पुसायचा, ही मनूची अट होती. ती आम्ही तंतोतंत पाळली.

ताईच्या सांगण्यावरून कॉलेज रोडवरच्या मणक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो पाहिला आणि लगेच स्वतः तपासलं. आधी उभं वाकवून, मग स्टुलावर बसवून. एक पाय आखूड असेल तरी उभ्याने वाकल्यावर पाठ तिरकी दिसते. बसल्यावर पायांचा प्रश्न उरत नाही. मनूचा उंचवटा बसल्यावरही तसाच राहिला.

मग पाठ किती तिरकी आहे ते मोजायला त्यांनी एक छोटं प्लास्टिकचं साधन पाठीवर आडवं ठेवलं. त्याच्या वाकड्या नळीत एक गोळी असते आणि मधोमध खाच, म्हणजे मणक्यांची टोकं त्यात बसतात. गोळी सरकत 8 अंशांवर थांबली. ‘5 ते 7 च्या पुढे गेलं की आम्ही एक्स-रे काढतो,’ डॉक्टर म्हणाले.

एक्स-रे उभं करून, पूर्ण कण्याचा काढला. त्यात बाकाचा कोन 24 अंश आला. 10 च्या खाली असता तर त्याला स्कोलिओसिस म्हटलंही नसतं. डॉक्टरांना कोनापेक्षा महत्त्वाचं वाटलं ते हे, की मनूला पाळी आलेली नव्हती आणि एक्स-रेतल्या कमरेच्या हाडावरूनही तिची बरीच वाढ बाकी दिसत होती. वाढीच्या जोरात बाकही वाढू शकतो. 25 च्या आसपास पोचलेल्या वाढत्या मुलांना पट्टा देतात, शस्त्रक्रियेचा विचार साधारण 45 ते 50 च्या पुढे, असं त्यांनी समजावलं. चार महिन्यांनी परत बोलावलं.

दप्तराचं विचारलं, तर ते म्हणाले, दप्तराने पाठ दुखेल, मणका पिळला जाणार नाही. बहुतेक मुलांमध्ये नेमकं कारण सापडत नाही. मी उगाचच स्वतःला आणि मनूलाही दोष देत होते.

त्या चार महिन्यांत मी दर महिन्याला तसाच फोटो काढला. उंचवटा मला तेवढाच वाटत होता. पण नव्या एक्स-रेत कोन 29 निघाला. डॉक्टर म्हणाले, फोटोने संशय घ्यायचा, मोजमाप एक्स-रेनेच. उंचवटा आणि कोन नेहमी बरोबरीने वाढत नाहीत. हे मला आधी कळलं असतं तर त्या फोटोंच्या भरवशावर इतकी निर्धास्त राहिले नसते.

पट्टा तयार झाला. मनू तो दिवसाचे 18 तास घालते, आत सुती बनियन, वर शाळेचा शर्ट. तो काढल्यावर कमरेपाशी लाल वळ दिसतात. ते अर्ध्या तासात गेले नाहीत तर पट्टा सैल-घट्ट करून घ्यायला सांगितलं आहे. पट्ट्याने बाक सरळ होईल असं कोणी सांगितलेलं नाही, तो वाढू नये एवढाच हेतू आहे.

पुढचा एक्स-रे जूनमध्ये. फोनमधले सगळे फोटो काल रात्री मनूने स्वतः पुसले. ते डॉक्टरांकडच्या फाइलमध्ये आहेत.