वरचे कॉलम जाड केले आणि खालचा मजला जास्त हलला

आमच्या ऑफिसात इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन होतं आणि त्यासाठी लागणारे छोटे प्रोग्रॅम आम्हीच लिहितो. त्यातला एक नवा प्रोग्रॅम सांगायचा की कुठल्या मजल्याचे कॉलम जाड केले तर इमारतीचं आडवं हलणं किती कमी होईल. चाचण्या पास झाल्या होत्या. दुपारी आमच्या ज्येष्ठ डिझायनर बाईंनी पहिला खरा रिपोर्ट उघडला आणि बोट एका ओळीवर ठेवलं. "बळ पहिल्या स्लॅबवर. कॉलम जाड केले दुसऱ्या मजल्याचे. आणि पहिला स्लॅब जास्त हलतो म्हणे? कसा रे?"

प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा नवा, पण हुशार. तो म्हणाला, "मॅडम, गणित तर बरोबर आहे." मी म्हटलं, चल, दोनच मजले घेऊ आणि कागदावर करू.

पहिल्या मजल्याचा स्टिफनेस k1, दुसऱ्याचा k2. स्लॅब फक्त आडवे सरकतात असं धरलं की मॅट्रिक्स येतं (प्रत्येक कंसात एक ओळ):

```
K = [k1+k2, -k2]     K' = [ 1, -1]
    [ -k2,   k2]          [-1,  1]
```

K' म्हणजे k2 च्या संदर्भात K चं डेरिव्हेटिव्ह. स्लॅबवरची बळं f धरली तर स्लॅबचं सरकणं u = K⁻¹f, म्हणून आपल्याला हवं ते K⁻¹ चं डेरिव्हेटिव्ह. आता 1/x चं डेरिव्हेटिव्ह −1/x² हे शाळेपासून हाताला इतकं बसलेलं असतं, की त्या मुलाने सरळ −K⁻²K' लिहिलं होतं. संख्यांना ते चालतं. मॅट्रिक्समध्ये गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, त्यामुळे K' कुठे बसतो यावर सगळं अवलंबून.

तो कुठे बसतो हे पाठ करावं लागत नाही. K K⁻¹ = I ही ओळ लिहायची आणि दोन्ही बाजूंचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं. I स्थिर, म्हणून उजवीकडे शून्य. डावीकडे गुणाकाराचा नियम, क्रम न मोडता:

```
K' K⁻¹ + K (K⁻¹)' = 0
(K⁻¹)' = -K⁻¹ K' K⁻¹
```

K' पहिल्या पदात डावीकडे होता. दुसऱ्या पदातला K हटवायला डावीकडून K⁻¹ ने गुणलं, म्हणून तो दोन K⁻¹ च्या मध्ये सापडला. (K⁻¹ ला डेरिव्हेटिव्ह आहे हे गृहीत धरलंय खरं, पण त्याचं प्रत्येक पद म्हणजे सहघटक भागिले डिटरमिनंट, त्यामुळे डिटरमिनंट शून्य नसलं की काळजी नाही.)

k1 = k2 = 1 घातलं:

```
K⁻¹ = [1, 1]    बरोबर: [0,  0]    चुकीचं: [1, -1]
      [1, 2]           [0, -1]            [2, -2]
```

चुकीच्या मॅट्रिक्सकडे बघूनच ओळखता येतं: ते सममित नाही. K सममित, म्हणून K⁻¹ सममित, मग त्याचं डेरिव्हेटिव्हही सममितच हवं. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातला +1 हीच बाईंनी पकडलेली ओळ. बरोबर उत्तर तिथे शून्य आहे. पहिल्या स्लॅबला ढकललं की दुसरा त्याच्याबरोबर तेवढाच सरकतो, u = (1, 1), मधल्या कॉलमना वाकायचं कारणच नाही. मग ते जाड असोत की बारीक! बाईंना हे मॅट्रिक्सशिवाय दिसलं होतं, हे मला त्या दिवशी सगळ्यात आवडलं.

खात्रीसाठी k2 आधी 1.01 आणि मग 0.99 करून K⁻¹ च्या शेवटच्या पदातला फरक 0.02 ने भागला. −1.0001 आलं. सूत्र म्हणतं −1.

मग चाचण्या पास कशा झाल्या? त्या सगळ्या काँक्रीटच्या यंग्ज मोड्युलसवर, म्हणजे E वर होत्या. E बदलला की अख्खं K त्याच प्रमाणात बदलतं, K' = K/E. हे K' आणि K क्रम बदलून गुणले तरी तेच, त्यामुळे दोन्ही सूत्रं −K⁻¹/E असं एकच उत्तर देतात. चाचणी नेमकी अशा जागी घेतली होती जिथे चूक दिसूच शकत नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती, आणि करताना इन्व्हर्सच काढून टाकला:

```python
du = np.linalg.solve(K, -dK @ u)
```

u आधीच काढलेला असतो. उरतं ते त्याच K चं, नव्या उजव्या बाजूचं समीकरण. मोठ्या इमारतीत K चे घटक एकदा पाडून ठेवायचे आणि प्रत्येक मजल्याच्या K' साठी तेच वापरायचे. K⁻¹ स्वतः काढलं तर विरळ मॅट्रिक्स गच्च भरतं आणि मेमरी खातं.

एक सावधगिरी त्या मुलाने स्वतःहून कोडमध्ये लिहिली. सूत्रात K⁻¹ दोनदा येतो, म्हणून एखादा मजला फारच लवचीक असला आणि K ची सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू शून्याकडे झुकली, की सरकणं तिच्या व्यस्त प्रमाणात वाढतं, पण डेरिव्हेटिव्ह तिच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढू शकतं. अशा इमारतीत "कॉलम दहा टक्के जाड केले तर" या प्रश्नाला डेरिव्हेटिव्हवरून उत्तर द्यायचं नाही. नवं K मांडून पुन्हा सोडवायचं. बाईंनी ती टीप वाचली, दुसऱ्या मजल्याचा नवा आकडा बघितला, आणि रिपोर्टवर सही केली.