चाळीस मिनिटे आणि एक खोका

यंत्रदुरुस्तीच्या कामात रेल्वेगाडी चुकण्याची किंमत तिकिटाच्या रकमेत मोजता येत नाही. बाहेरगावच्या एका कारखान्यातले पॅकिंगचे यंत्र दुपारी बंद पडले, बिघाड कंट्रोल कार्डात असल्याचे फोनवरच निश्चित झाले, आणि सुटे कार्ड घेऊन रात्रीच्या आत तिथे पोहोचायचे तर संध्याकाळी साडेसहाची गाडी पकडण्यावाचून पर्याय नव्हता. भांडारातून कार्ड मिळून ते खोक्यात नीट बांधून होईपर्यंत पाच वाजून पन्नास मिनिटे झाली. स्टेशन नऊ किलोमीटरवर होते आणि मधल्या पुलाअलीकडच्या चौकातला सिग्नल बंद पडल्याने रस्ता तुंबलेला होता.

कंपनीची गाडी फाटकाशी उभी होती. चालककाकांचे म्हणणे होते की नकाशा एकतीस मिनिटे दाखवतो, म्हणजे लगेच निघालो तर जमेल. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकत होती. खोका बांधला जात असताना, पावणेसहाला, मी तोच मार्ग पाहिला होता आणि तेव्हा सत्तावीस मिनिटे दिसत होती. म्हणजे पाच मिनिटांत अंदाज चार मिनिटांनी वाढला होता. नकाशा आत्ताचा वेग आणि त्या वेळचा नेहमीचा अनुभव यांवरून उत्तर काढतो. रांग वाढतच असेल, तर आपण चौकात पोहोचू तेव्हा ती किती लांबलेली असेल हे त्याला पुरते कळत नाही, आणि बंद सिग्नल तर नेहमीच्या अनुभवात बसतच नाही. घड्याळ जितके पुढे सरकते जवळपास तितकाच अंदाजही लांबत असेल, तर पडद्यावरच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून कोंडीच्या वेळी मी मार्ग एकदा पाहून थांबत नाही, काही मिनिटांनी पुन्हा पाहतो, आणि आकड्यापेक्षा तो कोणत्या बाजूला सरकतो आहे याकडे लक्ष देतो.

दुसरा हिशेब शेवटच्या टप्प्याचा होता. नकाशा आपल्याला स्टेशनच्या दारात सोडतो, डब्यात बसवत नाही. पादचारी पूल, फलाट आणि आपला डबा यांसाठी मी आठ मिनिटे बाजूला काढली, तेव्हा हातात खरी बत्तीस मिनिटेच उरली. मोटारीचा प्रश्न तिथेच मिटला.

दुचाकी टॅक्सीने थेट जाण्याचा मोह मोठा होता. ॲपवर दुचाकी यायला चार मिनिटे आणि प्रवासाला चोवीस मिनिटे दिसत होती, म्हणजे एकूण अठ्ठावीस. पण दुचाकीची सगळी कमाई वाहनांच्या मधल्या फटीतून पुढे सरकण्यात असते, आणि आमच्या वाटेवरचा पूल अरुंद आहे; दोन्ही बाजूंना कठडे, आणि दोन बस शेजारी उभ्या राहिल्या की हँडलही आत शिरत नाही. तिथे अडकल्यावर मागे वळता येत नाही आणि बाजूच्या गल्लीत शिरता येत नाही. पुलावर आणखी दहा मिनिटे आणि दुचाकी यायला दोनतीन मिनिटे उशीर धरला, तर हिशेब थेट एकेचाळीसवर जात होता.

मेट्रो त्या पुलाच्या डोक्यावरून जाते. सहा स्थानके, दर स्थानकाला थांब्यासकट साधारण दोन मिनिटे, म्हणजे बारा मिनिटांचा प्रवास. गर्दीच्या वेळी गाडी दर पाच मिनिटांनी असते, त्यामुळे वाट पाहणे शून्य ते पाच मिनिटांच्या आतच राहते. बॅगतपासणी आणि जिने यांना चार मिनिटे. अडचण एवढीच की मेट्रोचे स्थानक आमच्या कार्यालयापासून दीड किलोमीटरच्या आसपास आहे आणि पाच किलोचा खोका घेऊन तिथवर चालायला सतरा मिनिटे लागली असती. सगळे मिळून तेहतीस ते अडतीस. सर्वांत भरवशाचा मार्ग, पण थोडक्यात चुकणारा.

त्यामुळे मेट्रोपर्यंतचे चालणे तेवढे दुचाकीवर टाकायचे ठरले. आतल्या गल्लीने पाच मिनिटांची वाट आणि तिच्यावर ना चौक, ना पूल. सगळे सुरळीत झाले तर पंचवीस, आणि दुचाकी उशिरा येऊन मेट्रोही नुकतीच सुटलेली असली तरी तेहतीस. म्हणजे सगळेच उलटे पडले तरी एकाच मिनिटाची तूट, आणि ती फलाटावर झपाझप चालून भरून काढता आली असती. थेट दुचाकीपेक्षा हा मार्ग जिंकला तो वाईटातल्या वाईट आकड्यावर. चांगल्या आकड्यांत फरक तीनच मिनिटांचा होता.

दुचाकी मागवली आणि मिनिटभरात तिचा ठिपका एका जागी थिजला. अशा वेळी ‘चार मिनिटे’ हे शब्द वाचत बसण्यात अर्थ नसतो. मी लगेच फोन केला. ‘‘साहेब, मी तुमच्या समोरच्याच बाजूला आहे, पण दुभाजक आहे, फिरून यायला वेळ लागेल,’’ असे उत्तर आले. ‘‘दादा, तुम्ही तिथेच थांबा, मी रस्ता ओलांडून येतो,’’ असे सांगून मी खोका उचलला. तुंबलेल्या रस्त्याचा हा एक फायदा की उभ्या वाहनांमधून पलीकडे जाणे सोपे होते. मी मागच्या सीटवर बसलो तेव्हा पाच छप्पन्न झाले होते.

खोका पुढे टाकीवर ठेवू, असे ते म्हणाले. मी नकार दिला, कारण गल्लीतल्या वळणावर हँडल पूर्ण फिरवताना तो नक्की आडवा आला असता. पाठीवर घेतला तर गाडी पुढे झेपावताना तो आपल्याला मागे ओढतो. शेवटी तो आम्हा दोघांच्या मध्ये उभा ठेवला, पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळला आणि मिळालेल्या हेल्मेटची सैल पट्टी घट्ट केल्यावरच निघा म्हटले. यात अर्धे मिनिट गेले, पण ते वाचवण्याजोगे नव्हते.

मेट्रोच्या दारात सहा वाजून एक मिनिट. तिकीट मी वाटेतच फोनवर काढले असते, पण दोन्ही हात खोक्यात अडकलेले होते; सुदैवाने यंत्रापुढे रांग नव्हती. तपासणीच्या पट्ट्यावरून खोका पलीकडे आला, मी फलाटावर पोहोचलो आणि थेट शेवटच्या डब्याच्या जागी जाऊन उभा राहिलो, कारण उतरल्यावर रेल्वेच्या पादचारी पुलाकडे जाणारा जिना त्याच टोकाला आहे. मधल्या डब्यातून उतरले की सगळ्या गर्दीच्या मागे जिना चढावा लागतो आणि त्यात दोन मिनिटे सहज जातात. सहा आठला गाडी आली. पुलावरून जाताना खाली दिव्यांच्या दोन अचल रांगा दिसत होत्या.

सहा वीसला उतरलो, सहा सत्तावीसला माझ्या डब्यात बसलो. तेवढ्यात काकांचा फोन आला. एका साहेबांना सोडायला ते त्याच रस्त्याने निघाले होते आणि अजून चौकाच्या अलीकडेच होते.

हे गणित त्या संध्याकाळचे होते. पाऊस असता तर गल्लीतली दुचाकी मी धरली नसती, आणि खोका पाचऐवजी पंधरा किलोचा असता तर चालककाकांना चौक टाळून आतल्या गल्लीने मेट्रोपर्यंत सोडायला सांगितले असते. सोबत वयस्कर माणूस असता तर जिने आणि धावपळ पाहून मी पुढच्या गाडीचे तिकीट काढले असते आणि कारखान्याला तसे लगेच कळवले असते.