बरणीतली माती आणि खोलीचा रकाना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हा बाकीचे वर्गमित्र सहली आणि स्नेहसंमेलनं लिहिणार, हे माहीत होतं. मी आठवीतल्या मातीच्या तासाबद्दल लिहितो. आमच्या सरांनी ‘मातीचे प्रकार’ हा धडा फळ्यावर शिकवलाच नाही. सरळ बाजूंच्या काचेच्या बरण्या आणायला लावल्या आणि ज्याने त्याने आपापल्या रानातली माती आणायची, असं सांगितलं.

माती आणण्याचेही नियम होते. बांधालगतची, झाडाखालची किंवा उकिरड्याजवळची चालणार नाही. वरचा पालापाचोळा सारून वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. ती सावलीत वाळवून, ढेकळं फोडून चाळायची. चाळणीत उरलेले खडे फेकायचे नाहीत, किती उरले ते तक्त्यात लिहायचं.

मग बरणी एक तृतीयांश मातीने भरून वर पाणी, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर आणि दहा मिनिटं दणकून हलवणं. खाली ठेवल्यावर पहिल्या मिनिटात बसते ती वाळू. तिथे काचेवर पेनाने रेघ मारायची. दोन तासांनी पोयट्याची दुसरी रेघ. चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून बरण्या खिडकीत राहायच्या आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही. नदीकाठच्या एका रानाची नोंद अशी होती: एकूण थर ८ सेंटीमीटर, त्यात वाळू ३.२, पोयटा २.८ आणि चिकणमाती २. म्हणजे ४०, ३५ आणि २५ टक्के. भाजीपाल्याला याहून चांगली जमीन शोधून सापडायची नाही.

काळ्या मातीची गंमत वेगळी. सरांनी तिच्या दोन बरण्या मुद्दाम केल्या, एकीत पावडर आणि दुसरीत नुसतं पावसाचं पाणी. नुसत्या पाण्यातली माती भराभर खाली बसली आणि वरचं पाणी निवळलं. पहिल्या रेघेवर विश्वास ठेवला असता तर कापसाची ती जमीन वाळूची ठरली असती. सरांनी तळातली चिमूट बोटांवर चोळायला दिली. खरखर नव्हतीच, बोटं मेणासारखी चिकटली. काळ्या मातीतल्या चुन्यामुळे बारीक कण एकमेकांना धरून राहतात आणि गोळ्यागोळ्यांनी वाळूबरोबर खाली बसतात. पावडर ते गोळे सोडवते. तरी काही गोळे सुटत नाहीत, म्हणून भारी माती आदल्या रात्री भिजत घालावी लागते. पावडरीच्या बरणीत चिकणमाती ६० टक्के आली, तर सरांनी आकड्यापुढे ‘फुगीर’ असं लिहून घेतलं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि बरणी उंची मोजते, वजन नाही.

तक्त्यात थरांच्या रकान्यांनंतर ‘मुरूम किती खोल?’ असा रकाना होता. तो भरायला शेतात पहार घेऊन जावं लागे किंवा विहिरीचा काठ बघावा लागे, म्हणून पोरं तो कोरा सोडायची. सर कोरा तक्ता परत करायचे. दोन रानांच्या बरण्या जवळजवळ सारख्या आल्या तेव्हा त्याचं कारण कळलं. एकात फूटभरावर मुरूम, दुसऱ्यात तीन फुटांपर्यंत काळी माती. शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि पुढे तो जमिनीतल्या ओलीवरच वाढतो. उथळ रानातली ओल कणीस भरायच्या आतच संपते. खोल रानातली पुरते. बरणीने दोन्ही रानं शाळूची ठरवली होती. उथळ रानापुढे सरांनी शाळू खोडून पावसाळ्यात निघून जाणारी मूग-मटकी लिहायला लावली. त्या रानाच्या मालकाला हे आधीपासून ठाऊक होतं, हे मात्र त्यांनी वर्गात हसत मान्य केलं.

एक बरणी कालव्याखालच्या शेतातली होती. पावडर न घालताही तिचं पाणी निवळेना. आठवडाभर ते चहासारखं गढूळ. सर म्हणाले, ‘ही चोपण दिसतेय.’ सोडियम जास्त झालं की मातीचे कण एकमेकांना सोडतात. पाऊस पडला की अशी जमीन लिबलिबीत, वाळली की दगड, आणि पाणी मुरत नाही. पण हा संशय झाला, निदान नव्हे. सामू बरणीत दिसत नाही. त्यांनी त्या पोराच्या वडिलांना नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यायला सांगितलं. ‘योग्य पीक’ या रकान्यात तेवढ्यापुरतं पीक लिहिलंच नाही. तिथे सरांच्या अक्षरात होतं: ‘अहवाल येऊ द्या. चोपण निघाली तर आधी चर, मग जिप्सम, मग धैंचा गाडायचा. उसाचं नंतर बघू.’