आठवडा 23: एक कलम वाचायला, दुसरी भिंतीसाठी

मागच्या नोंदीत नस्ख या अरबी सुलेखनशैलीतलं 'अलिफ' हे अक्षर पाच नुक्त्यांच्या उंचीवर आणून थांबलो होतो. नुक्ता म्हणजे कलमेच्या टोकाने टेकवलेला चौकोनी ठिपका. अरबी सुलेखनात मोजपट्टी नसते, हाच ठिपका माप. त्यामुळे कलम जाड घ्या नाहीतर बारीक, अक्षराची बांधणी तीच राहते. आता सुलुस ही दुसरी शैली सुरू केलीय आणि त्यात अलिफ सात नुक्त्यांचा. दोनच नुक्ते वाढले, पण हात पार बिचकला.

आधी एक फजिती सांगतो. बाळबोधसाठी तासलेलाच बोरू उचलला, म्हटलं बोरू तो बोरू. 'रे' अक्षराची शेपटी डावीकडे खाली उतरताना निमुळती व्हायला हवी, ती उलट जाड होत गेली. टोकाचा काप आपल्याकडे वेगळ्या बाजूला असतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. नवीन बोरू कापला आणि दौतीत रेशमाच्या धाग्यांचा बोळा टाकला. कलम त्या बोळ्यावर टेकवली की लागेल तेवढीच शाई येते, टपका पडत नाही.

सरावाचा मजकूर परंपरेने ठरलेला आहे: 'रब्बी यस्सिर वला तुअस्सिर, रब्बी तम्मिम बिल खैर'. देवा, सोपं कर, अवघड करू नकोस, देवा, हे चांगलं तडीस ने. उस्मानी परंपरेत शिकाऊ माणूस पहिला धडा म्हणून हीच प्रार्थना गिरवतो. आमचे उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले, "आयती सरावाला घेऊ नका. रद्दीत टाकता येत नाहीत." कुराणातली ओळ असलेला कागद जमिनीत पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. प्रार्थनेचे कागदही मी आता वेगळ्या पिशवीत ठेवतो.

दोन्ही शैली शेजारी ठेवून बघितल्यावर या आठवड्यात कुठे डोक्यात प्रकाश पडला. नस्ख पठणासाठी आहे. मुसहफ, म्हणजे कुराणाची प्रत, मोठ्याने वाचायची असते आणि एक स्वरचिन्ह चुकलं तर अर्थ बदलतो. म्हणून अक्षरं एका रेषेवर नीट बसलेली आणि प्रत्येक चिन्ह आपापल्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी. उस्मानी प्रतींची एक मांडणी तर थेट पाठांतरासाठीच बेतलेली आहे: पानाला पंधरा ओळी आणि पान संपतं तिथे आयतही संपते. तोंडपाठ करणाऱ्याला आयत पानाच्या कुठल्या कोपऱ्यात होती तेही आठवतं. हे साधायला लिहिणाऱ्याला शब्द किंचित दाटवावे किंवा सैल सोडावे लागतात, आणि ते वाचणाऱ्याच्या लक्षात येता कामा नये.

सुलुस भिंतीसाठी. त्यात अक्षरं एकमेकांवर चढतात आणि शब्द थरांत रचले जातात. काही रचना तर खालून वर वाचायच्या असतात. स्वरचिन्हं वेगळ्या, बारीक कलमेने काढतात. त्यातली काही उच्चारासाठी, काही निव्वळ रिकामी जागा भरायला. पहिल्यांदा बघताना मला ते सुंदर पण न वाचता येणारं वाटलं. पण मशिदीत बघणाऱ्याला आयत आधीच पाठ असते. त्याला ती ओळखायची असते, एकेक अक्षर जुळवत बसायचं नसतं.

इस्तंबूलच्या आयासोफिया मशिदीचं उदाहरण घ्या. 1847 ते 1849 च्या दुरुस्तीत काझस्कर मुस्तफा इज्जत एफेंदी यांनी तिथल्या प्रचंड गोल पाट्या लिहिल्या: अल्ला, मुहंमद, चार खलिफा, हसन आणि हुसेन, अशी आठ नावं. प्रत्येक पाटीचा व्यास सुमारे साडेसात मीटर. घुमटात, जमिनीपासून सुमारे 55 मीटरवर, त्यांनीच 'नूर' आयत लिहिली: अल्ला हा आकाश आणि पृथ्वीचा प्रकाश आहे. डोक्यावरच्या घुमटासाठी याहून नेमका मजकूर कुठला निवडणार? आणि याच माणसाने नस्खमध्ये कुराणाच्या प्रतीही लिहिल्या. हात एकच, काम मात्र दोन टोकांचं.

भिंतीवरचं अक्षर थेट भिंतीवर लिहीत नाहीत. कागदावर रचना पक्की करतात, मोठी करायची तर चौकटी आखून मोठी करतात, कडेकडेने सुईने टोचतात आणि कोळशाच्या पुडीची पोटली त्यावर आपटतात. रांगोळीचा छापा ज्याने वापरलाय त्याला वेगळं सांगायला नको. मी हा प्रयोग घरच्या भिंतीवर केला, 'वाव' हे एकच अक्षर चौपट मोठं करून. कागदावर न जाणवलेला डोक्याचा किंचित बसकेपणा भिंतीवर खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसला. आणि भोकं फार दूर दूर टोचल्यामुळे शेपटीचं वळण तुटक, कोनाकोनाचं आलं.

पुढच्या वेळी वळणांवर भोकं दाट टोचणार आहे. 'वाव'चं डोकं पुन्हा तीन नुक्त्यांनी मोजतोय. भिंत पुसून झाली, कोळसा मात्र चपलांबरोबर घरभर गेलाय.