तुम्ही विचारलंत म्हणून: पलंगापासून बाथरूमपर्यंत

"आईला वॉकर आणून दिला, बाथरूममध्ये रबरी मॅट टाकली, तरी रात्री उठली की पडते. आता आणखी काय करायचं?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन पेशंट बघते. यावर माझा पहिला उलटा प्रश्न असतो: नेमक्या कुठे पडल्या? "बाथरूमला जाताना" एवढंच उत्तर मिळतं. पण पलंगावरून उठणं, पहिली दोन पावलं, दाराचा उंबरठा, कमोडपाशी वळून बसणं, यातल्या प्रत्येक जागी तोल वेगळ्या कारणाने जातो. वॉकर फक्त सरळ चालायला मदत करतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच माणूस पडला तर त्याचा काय उपयोग?

एक आजी होत्या, वय 79, दोन्ही गुडघे झिजलेले. संध्याकाळी पडदे ओढून, दिवे मालवून मी त्यांना रात्रीसारखंच उठायला सांगितलं, आणि त्यांची लेक आणि मी शेजारी उभ्या राहिलो. त्या उठून बसल्या आणि पायाच्या अंगठ्याने अंधारात सपाता शोधू लागल्या. एक मिळाली, दुसरी पलंगाखाली गेलेली. ती ओढायला वाकल्या, एका पायात सपाता आणि एक पाय उघडा अशा अवस्थेत उभ्या राहिल्या, आणि वॉकर भिंतीशी असल्यामुळे हात कपाटाच्या दाराकडे गेला. ते दार उघडं फिरलं. लेकीने धरलं म्हणून निभावलं.

तेव्हा सुरुवात चपलांपासून. मागून उघडी सपाता पायात राहावी म्हणून बोटं तिला सतत धरून ठेवतात. त्यामुळे पाय उचलला जात नाही, घासत जातो आणि उंबरठ्याला अडतो. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणून जाड फोमची चप्पल घेतात, तीही नको. तळपायाला जमीन कळली नाही तर तोल सावरायला उशीर होतो, आणि मऊ तळ कडेला दबतो. घरात घालायला बंद टाचेचा, वेलक्रो पट्ट्याचा, पातळ पण घट्ट तळाचा बूट हवा. टाच अडीच सेंटीमीटरपेक्षा उंच नको. दुकानात दोन गोष्टी करून बघा. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबा, तो सहज चेपला तर बूट परत ठेवा. मग बूट वाकवून बघा: तो बोटांपाशी वाकायला हवा, मधोमध नाही. खरेदी संध्याकाळी करा, कारण तोपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात. नुसते मोजे घालून फरशीवर चालणं मात्र सपातांपेक्षाही वाईट.

"रात्री दोन वाजता बूट कोण घालत बसणार?" हे मला हमखास ऐकवलं जातं. मी म्हणते, बसावंच. आडवा माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं, आणि उतारवयात रक्तदाब सावरायला वेळ लागतो. पलंगाच्या कडेला बसून पावलं वर-खाली हलवायची, मग पट्टे लावायचे. यात मिनिटभर जातं आणि तेवढ्यात डोकंही जागेवर येतं. रक्तदाब एकदा मुद्दाम मोजून बघा: आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. बऱ्याचदा एखादं औषध त्यामागे असतं. ते स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

दिव्याचं घोडं बहुतेक घरांत उलट्या जागी अडतं. घरच्यांना वाटतं, ट्यूब लावली की झालं. पण म्हाताऱ्या डोळ्यांना उजेडातून अंधारात सरावायला बराच वेळ लागतो. जाताना लख्ख ट्यूब आणि येताना अंधारी खोली, म्हणजे परतीची वाट जवळजवळ आंधळेपणाने काटायची. शिवाय पाठीमागे, उंचावर असलेल्या दिव्यामुळे स्वतःची आणि वॉकरची सावली नेमकी पाय टाकायच्या जागी पडते. म्हणून घोट्याच्या उंचीवर, पिवळसर उजेडाचे, हालचालीने लागणारे छोटे दिवे बसवा. पहिला पलंगाशी, पाय खाली सोडताच लागेल असा. पुढचा बाथरूमच्या दारापाशी. हे दिवे किती वेळ चालू राहतात ते तपासाच. काही अर्ध्या मिनिटात विझतात, आणि हळू चालणारा माणूस मधल्या वाटेत अंधारात सापडतो. उंबरठ्याच्या कडेला फरशीहून वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा. आणि दुहेरी काचांचा चष्मा असेल तर लक्षात घ्या, खालची काच वाचायच्या अंतरासाठी असते. तिच्यातून पायाखालची जमीन धूसरच दिसते.

हे सगळं त्याच रात्रीपासून उपयोगी पडतं. व्यायामाला मात्र आठवडे लागतात, म्हणून तो बहुतेक जण सोडून देतात. "रोज हॉलमध्ये फेऱ्या मारते की!" असंही सांगतात. फेऱ्या चांगल्याच, पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही. तोल थोडा डळमळेल आणि सावरावा लागेल, असंच काहीतरी करावं लागतं.

आजींना मी दोनच गोष्टी दिल्या. पहिली, खुर्चीतून उठणं. हाताची, भिंतीला टेकवलेली खुर्ची, तिच्यावर घट्ट उशी. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं, मग उठायचं. बसताना मनात चार आकडे मोजत हळूहळू खाली यायचं. खरा व्यायाम या उतरण्यात आहे, कारण कमोडवर धप्पकन बसणारा माणूस त्याच मांड्यांच्या कमजोरीमुळे पडतो. पाच वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा पाच वेळा. हे सोपं झालं की उशी काढायची.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातल्या ओट्याशी, मागे खुर्ची ठेवून. पावलं जुळवून दहा सेकंद उभं राहायचं. जमलं की एक पाऊल अर्धं पुढे, आणि शेवटी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून. आधी ओट्यावर पूर्ण पंजा, मग दोन बोटं, मग नुसता हात वर धरलेला. घोट्यात बारीक थरथर जाणवली पाहिजे. अजिबात हललं नाही तर ते फारच सोपं आहे, आणि ओटा गच्च धरावा लागला तर एक पायरी मागे जा. आठवड्यातून तीन दिवस. शेजारी कोणीतरी उभं हवं, कमजोर बाजूला आणि किंचित मागे. दंड धरून ओढू नये, त्याने उलट तोल जातो.

सहा-सात आठवड्यांनी आजी हात न टेकता खुर्चीतून उठू लागल्या. टाचेला बोटं लावून उभं राहणं मात्र त्यांना ओटा सोडून जमलंच नाही, आणि मी तो हट्टही धरला नाही. त्यांचा वॉकर कायम राहिला, फक्त त्याची जागा पलंगाच्या कडेला, हात लांबवताच मिळेल अशी ठरली.

पडण्याआधी डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत धडधडत असेल किंवा तळपाय बधिर असतील, तर चपला-दिव्यांच्या आधी डॉक्टर गाठा. पडल्यावर जांघेत दुखत असेल तर एक्स-रे होईपर्यंत व्यायाम बंद. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर माणूस बोलता-चालता दिसला तरी त्याच रात्री हॉस्पिटलमध्ये न्या. सकाळपर्यंत थांबू नका.