जिवलग मित्राला ‘बेस्ट मॅन व्हायला जमणार नाही’ हे सांगताना

माझ्या शाळेपासूनच्या मित्राचं लग्न यंदा 10 जानेवारीला, शनिवारी, गोव्यात झालं. मित्र ठाण्याचा ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मूळचा कॅथलिक, घरी मराठीच बोलतात. मुलगी गोव्याची, त्यामुळे लग्न तिच्या गावच्या चर्चमध्ये. गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात त्याने मला विचारलं, ‘तू माझा बेस्ट मॅन होशील ना?’ मला त्याचा फार आनंद झाला. भाऊ, चुलतभाऊ सगळे असताना त्याने मला निवडलं होतं. तरीही पुढच्या काही दिवसांत मी त्याला नाही म्हणालो. खर्च झेपणारा नव्हता आणि रजा नव्हती. अशा वेळी काय करावं हे सांगणारं माझ्या ओळखीत कोणी नव्हतं, कारण आमच्या घरच्या लग्नांत ही भूमिकाच नसते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

होकार किंवा नकार देण्याआधी मी त्याला एवढंच म्हणालो, ‘मला नक्की काय काय करायचं असतं ते सगळं सांग, मग मी चार दिवसांत उत्तर देतो.’ मी हिंदू आहे, तर चालेल का, हाही प्रश्न होता. ती अडचण नव्हती. कॅथलिक लग्नात पाद्रींसमोर दोन साक्षीदार लागतात आणि ते कॅथलिकच असावेत असं बंधन नाही. त्याच्या पाद्रींनी तसं सांगितलंही होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की बेस्ट मॅन म्हणजे अंगठ्या सांभाळायच्या, नवरदेवाशेजारी उभं राहायचं आणि रजिस्टरवर सही करायची. प्रत्यक्षात चर्चमधला तो तास-दीड तास हा सगळ्यात छोटा भाग निघाला. गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये रंगीत तालीम, शुक्रवारी रोस, म्हणजे नारळाचं दूध लावून घालायची आंघोळ, शनिवारी लग्न आणि रिसेप्शन, रविवारी मुलीकडचं जेवण. त्याआधी डिसेंबरमध्ये अलिबागला बॅचलर पार्टी, आणि तिची जुळवाजुळव बेस्ट मॅनकडे.

त्याच रात्री मी कागद घेऊन हिशेब मांडला. सूट सगळ्यांनी एकाच कापडाचा शिवायचा ठरला होता. काही घरांत तो नवरदेवाकडून मिळतो, इथे ज्याचा त्याने करायचा होता. शिलाईसकट 16,000, बूट 3,000. अलिबागचा माझा वाटा साधारण 10,000. रेल्वेने येणं-जाणं आणि किरकोळ धरून 3,000. आहेर 5,000, इतक्या जवळच्या मित्राला त्याहून कमी द्यायचं मला पटत नव्हतं. एवढ्यावरच 37,000 झाले. माझ्या हातात महिन्याला 46,000 येतात, त्यातून कळव्याच्या घराचं भाडं आणि धाकट्या भावाची फी जाते. वर्षभरात साठलेले पैसे आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते.

रजेचं गणित त्याहून वाईट होतं, आणि ते नीट सांगायला हवं, कारण जानेवारीतल्या लग्नांना हाच घोळ होतो. मी महापेला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाला 8 कॅज्युअल रजा मिळतात, पण त्या तिमाहीने खात्यात जमा होतात आणि न वापरलेल्या वर्षअखेर बुडतात. म्हणजे 10 जानेवारीला माझ्या खात्यात कॅज्युअल रजा फक्त 2 असणार. अर्जित रजा पुढच्या वर्षात नेता येतात, पण माझ्या त्या आईच्या दवाखान्याच्या धावपळीत संपल्या होत्या. मला हव्या होत्या गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि सोमवार. आमच्याकडे शनिवारी ऑफिस असतं, आणि शनिवार-सोमवार दोन्ही रजा टाकल्या की मधला रविवारही रजेत धरतात, त्याला सगळे सँडविच म्हणतात. झाल्या 5. त्यातल्या 3 बिनपगारी. माझा एकूण पगार 52,000, त्याला 30 ने भागून दिवसाचे साधारण 1,730 कापले जातात, म्हणजे आणखी 5,200. मगाचच्या आकड्यात हे मिळवलं की 42,000 च्या वर गेलं.

पैसे कापून घेऊनही रजा मिळणार होती का, तर तेही नाही. डिसेंबरच्या विक्रीचं जीएसटीआर-1, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख 11 जानेवारी. पहिले अकरा दिवस आमच्या टेबलावर बिलांची जुळणी चालते. तरी मी अंदाजावर न राहता साहेबांना मेल केला, तारखा लिहून. उत्तर आलं की सलग चार दिवस शक्य नाही, पण कामं आधी उरकली तर शनिवार एक दिवस बघता येईल. हे उत्तर हातात असणं पुढे फार उपयोगी पडलं.

आता सांगायचं कधी? माझं मत ठाम आहे की अशा नकाराला तारीख असते. सप्टेंबरमध्ये नाही म्हटलं तर मित्राला फक्त वाईट वाटतं. कापड घेऊन झाल्यावर म्हटलं तर एक सूट वाया जातो, शिवाय नव्या माणसाला त्याच ताग्यातलं कापड मिळेलच असं नाही. त्याहून पुढे गेलं तर जोडी मोडते. ब्रायडल मार्चला मुलाकडचे आणि मुलीकडच्या जोडीने चालतात, बेस्ट मॅनची जोडी नवरीच्या मुख्य करवलीबरोबर असते, त्यामुळे एक माणूस गळला की मुलीकडेही फेरफार करावे लागतात. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, छापील पुस्तिकेत नावं असतात ती वेगळीच. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे तिकिटं काढणार होते. या सगळ्याच्या आधी बोलायला हवं होतं.

ग्रुपवर किंवा मेसेजवर सांगायचं नाही हे तर नक्कीच होतं. घणसोलीहून लोकलने ठाण्याला उतरलो आणि त्याला तलावपाळीला बोलावलं. तो आला तेव्हा त्याच्या खिशात सुटाच्या कापडाचा तुकडा होता, गडद निळा, कडेला कात्रीचे दात उमटलेले. तो त्याने माझ्या मनगटावर ठेवून रंग कसा दिसतो ते बघितलं. मी म्हणालो, ‘ते खाली ठेव, आधी माझं ऐक. तू मला विचारलंस हे मी आयुष्यभर विसरणार नाही. पण बेस्ट मॅन म्हणून उभं राहायला मला जमणार नाही. खर्चही झेपत नाही आणि रजाही नाही, दोन्ही.’

दोन्ही कारणं एका दमात सांगायची हे मी ठरवून ठेवलं होतं. नुसतं पैशाचं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मी भरतो. नुसतं रजेचं सांगितलं असतं तर म्हणाला असता, शुक्रवारी ये, तालमीला नसलास तरी चालेल. तरीही तो म्हणालाच, ‘सूट माझ्याकडून, येड्या. त्यात काय?’ मी म्हणालो, ‘सूट तू दिलास तरी गुरुवार-शुक्रवार कोण देणार? आणि तू आधीच हॉलचे हप्ते भरतोयस.’ मग साहेबांचा मेल दाखवला. तो वाचून तो बराच वेळ काही बोलला नाही. ‘बघूया, अजून वेळ आहे’ असं म्हणायचा मोह मला त्या क्षणी खूप झाला. आपल्याकडे नाही म्हणायची ती नेहमीची पद्धत आहे. पण ‘बघूया’ म्हटलं असतं तर त्याने माझी जागा धरून ठेवली असती आणि दुसऱ्या कोणाला विचारलंच नसतं.

मी काय करू शकतो तेही त्याच भेटीत सांगितलं, आणि मोघम नाही. लग्नाआधीच्या रविवारी, 4 जानेवारीला, ठाण्यात त्यांच्या घरी उंबराचं पाणी होतं. वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरदेवाच्या आंघोळीचं पाणी आणतात तो कार्यक्रम. त्या दिवसाचा मांडव, बँड आणि जेवणाची ऑर्डर मी बघतो म्हणालो, कारण रविवारला रजा लागत नाही. आणि लग्नाला पाहुणा म्हणून येणार हे नक्की. शुक्रवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या, शनिवारी सकाळी मडगाव, रविवारी सकाळच्या मांडवीने परत, सोमवारी ऑफिस. एकच कॅज्युअल रजा, सँडविचही लागत नाही.

तो ‘ठीक आहे’ म्हणाला आणि घरी गेला. नंतरचे काही दिवस त्याचा फोन आला नाही. मी रोज फोन करून समजावत बसलो नाही, त्याला वेळ लागणार होता. मग आंटींचा, म्हणजे त्याच्या आईचा, फोन आला. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, ‘बाबा, आत्ता बोललास ते बरं केलंस. माझ्या बहिणीचा मुलगा आहे, त्याला विचारते. पण मांडवाचं तू म्हणालायस, ते विसरू नकोस.’ मावसभावाने आनंदाने होकार दिला. कापड त्यानंतरच घेतलं गेलं.

मांडवाचं काम मी मनापासून केलं. बँडवाल्याला ॲडव्हान्स देताना वेळ लिहून घेतली, दुपारी चार, कारण पाणी आणायला उजेडात जावं लागतं. जेवणाचं शंभर माणसांचं सांगितलं होतं, आली त्याहून जास्त, भात कमी पडायला लागला तेव्हा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून आणवला.

जीएसटीआर-1 शुक्रवारी संध्याकाळीच भरून गोव्याला निघालो. जुनाच सूट नेला. आहेर, तिकिटं, इस्त्री सगळं धरून मला 9,000 च्या आत पडलं आणि पगार कापला गेला नाही.

एक गोष्ट मात्र मला हवी होती तशी झाली नाही. साक्षीदाराची सही बेस्ट मॅननेच करावी असं नाही, म्हणून डिसेंबरमध्ये मी मित्राला विचारलं होतं, ‘निदान सही मी करू का?’ तो म्हणाला, ‘नको रे. तो डिसेंबरभर माझ्यासाठी धावतोय, सही त्याचीच होईल.’ मला लागलं, पण त्याचं बरोबर होतं. सही मावसभावाने केली, टोस्टच्या वेळी शेजारी तोच उभा होता, आणि अल्बममध्ये माझा फोटो मागच्या रांगेतल्या पाहुण्यांबरोबर आहे.