दृष्टांत की अर्थांतरन्यास? बाईंच्या फळ्यावरचे चरण

शाळेच्या अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा स्नेहसंमेलनं आणि सहली यांवर बाकीचे लिहितीलच, असं मनात आलं. मला लिहायचं आहे ते आमच्या मराठीच्या बाईंनी शिकवलेल्या दोन अलंकारांबद्दल. ग्वाल्हेरमध्ये घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी सुरू होते. लष्कर भागात, बाड्यावर, भाजीवाल्याशी सगळं हिंदीतच चालायचं. मराठी कविता सावकाश, एकेक चरण उलगडत वाचायची जागा म्हणजे आमचा मराठीचा तास. त्या तासाला जे कळलं ते आजही माझ्याजवळ जसंच्या तसं आहे.

बाकीच्या अलंकारांत आम्ही फारसे अडत नव्हतो. ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ यात ‘जीवन’ शब्द एकदाच येतो आणि पाणी व आयुष्य असे दोन अर्थ देतो, म्हणून श्लेष. तोच शब्द दोनदा येऊन दोन वेगळ्या अर्थांनी वापरला, तर यमक. दमडीच्या तेलात सासूबाईंचं न्हाणं होऊन उरलेल्या ओघळात उंट पोहून गेला, की अतिशयोक्ती. एवढ्यावर काम भागायचं. खरी ओढाताण व्हायची ती दृष्टांत आणि अर्थांतरन्यास यांत. दोन्हींत दोन वाक्यं शेजारी उभी असतात, दोन्हींत एक दुसऱ्याला बळ देतं आणि दोन्हींचा सूर काहीसा सुभाषितासारखा लागतो. पर्यायांत ही दोन्ही नावं आली की वर्गात हमखास दोन तट पडायचे.

बाईंनी व्याख्या आधी सांगितलीच नाही. फळ्यावर रघुनाथ पंडितांच्या नलदमयंती आख्यानातला मालिनी वृत्तातला श्लोक लिहिला. नळाने हंस पकडला आहे, तो प्रसंग.

तदितर खग भेणें वेगळाले पळाले ।
उपवन-जलकेली जे कराया मिळाले ।
स्वजन गवसला जो त्याजपाशीं नसे तो ।
कठिण समय येतां कोण कामास येतो? ॥

मग शेवटचा चरण हाताने झाकला आणि विचारलं, “गोष्ट पुरी झाली का?” झालीच होती. खेळायला जमलेले पक्षी भ्यायले, उडाले, पकडलेल्याजवळ कुणी थांबलं नाही. कथेच्या दृष्टीने चौथ्या चरणाची गरज उरत नाही. तरी कवीने तो लिहिला, कारण त्याला या एका प्रसंगाच्या वर उठून एक नियम सांगायचा होता. तो नियम फक्त हंसांपुरता राहत नाही, माणसांनाही लागू पडतो. बाईंचा पुढचा प्रश्न हा होता: “चौथं वाक्य पहिल्या तिघांना पोटात घेतं का?” घेतं. पळालेले पक्षी हे त्या ‘कोण’मधलेच. एका बाजूला घडलेली विशेष गोष्ट, दुसऱ्या बाजूला तिला सामावून घेणारं सामान्य विधान, आणि एकाने दुसऱ्याचं समर्थन. हा अर्थांतरन्यास.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यामुळे मला हा विषय कळला. चौथा चरण पुसून त्याच वृत्तात स्वतःचा एक चरण लिहिला:

सुमन सुकुनि जातां भृंग सोडून जातो ॥

आता पाहा. फूल सुकल्यावर भुंगा निघून जातो, हाही नियमासारखाच वाटतो. पण पळालेले पक्षी भुंग्यात मोडत नाहीत आणि पकडलेला हंस फुलात मोडत नाही. कोणतंच वाक्य दुसऱ्याला पोटात घेत नाही. ती दोन्ही एकाच पायरीवर समोरासमोर उभी आहेत आणि एकीतलं प्रत्येक अंग दुसरीत दिसतं: सापडलेला हंस म्हणजे सुकलेलं फूल, खेळायला जमलेले सोबती म्हणजे मधासाठी आलेला भुंगा, पळणं म्हणजे सोडून जाणं. हा दृष्टांत. श्लोकाचे तीन चरण तेच, वृत्त तेच, विषय तोच. अलंकार मात्र एका चरणाने बदलला.

व्याख्या त्यानंतर आल्या, आणि बाईंनी त्यांतले दोनच शब्द अधोरेखित केले. मम्मटाने काव्यप्रकाशात दृष्टांत सांगताना ‘प्रतिबिम्बनम्’ म्हटलं आहे आणि अर्थांतरन्यास सांगताना ‘समर्थ्यते’. दृष्टांतात एक वाक्य दुसऱ्यात उमटतं, अर्थांतरन्यासात एक वाक्य दुसऱ्याला आधार देतं. म्हणून दोन वाक्यांच्या मध्ये जोडशब्द घालून पाहायचा. ‘तसंच’ सहज बसलं तर कल दृष्टांताकडे. ‘कारण’ किंवा ‘एकूण काय, तर’ बसलं तर अर्थांतरन्यासाकडे. ‘पक्षी पळाले, एकूण काय, तर कठीण समयी कोणी कामास येत नाही’ हे चालतं. ‘पक्षी पळाले, तसंच कठीण समयी कोणी कामास येत नाही’ हे कानाला खटकतं.

हीच कसोटी वामन पंडितांच्या श्लोकाला लावली.

न कळतां पद अग्निवरी पडे ।
न करि दाह असें न कधीं घडे ॥
अजित नाम वदो भलत्या मिसें ।
सकळ पातक भस्म करीतसे ॥

इथे आम्हाला जोड्या लावायला सांगितल्या. ‘न कळता’ला ‘भलत्या मिसें’, पाय पडण्याला नाम उच्चारणं, ‘दाह’ला ‘भस्म’. सगळ्या जोड्या जुळतात. आग नामाच्या पोटात नाही, नाम आगीच्या पोटात नाही. दृष्टांत. कुणी शेवटच्या दोन ओळींऐवजी ‘वस्तूचा स्वभाव जाणत्या-अजाणत्यात भेद करत नाही’ असं लिहिलं असतं, तर विस्तवावर पडलेला पाय त्या नियमाचं एक उदाहरण झाला असता आणि उत्तर फिरलं असतं.

परीक्षेत फसवणारी आणखी एक जागा म्हणजे सामान्य विधान प्रश्नाच्या रूपात येणं. वरच्या हंसाच्या श्लोकात तसं आहेच, आणि पुस्तकात नेहमी भेटणाऱ्या या ओळींतही आहे: ‘फूल गळे, फळ गोड जाहले, बीज नुरे, डौलात तरू डुले, तेल जळे, बघ ज्योत पाजळे; का मरणी अमरता ही न खरी?’ शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी तो विचारलेला प्रश्न नाही, ठाम विधान आहे. फूल, बीज, तेल हे तीन विशेष त्याच्या आधाराला उभे आहेत. या ओळी आपल्या ग्वाल्हेरच्या राजकवींच्या, भा. रा. तांबे यांच्या; त्यांशेजारी बाई त्यांचीच दुसरी ओळ ठेवायच्या: ‘मरणांत खरोखर जग जगतें’. अर्थ जवळजवळ तोच. पण इथे आधाराला काही नाही, फक्त मरण आणि जगणं यांची टक्कर आहे, जी विचार केल्यावर मिटते. म्हणून या एका ओळीपुरता विरोधाभास. अर्थावरून अलंकार ओळखायला गेलं की पाय घसरतो, हे या जोडीने कायमचं पटलं. अलंकार पाहायचा तो वाक्यांच्या आपसातल्या नात्यात.

आता चंदन. मराठीत सज्जनाची गोष्ट निघाली की चंदन येतंच, आणि म्हणूनच गोंधळही होतो. तुकोबा म्हणतात, ‘चंदनाचे हात पायही चंदन । परिसा नाही हीन कोणी अंग ॥’ पुढे दिव्याला पाठीपोटी अंधार नाही, साखर सर्वांगी गोड, आणि मग ‘तुका म्हणे तैसा सज्जनापासून । पाहतां अवगुण मिळेचि ना ॥’ चंदन, परीस, दीप, साखर ही चार बिंबं आणि सज्जन हा विषय. मराठी पुस्तकं याला दृष्टांत म्हणतात. हिंदीच्या तासाला आम्ही शिकलो होतो की ‘ज्यों’, ‘जैसे’ असा वाचक शब्द आला की तो दृष्टांत न राहता उदाहरण अलंकार होतो. साहजिकच ‘तैसा’वर बोट ठेवून वर्गात वाद झाला. बाईंनी दोन्ही बाजू मान्य केल्या. शास्त्र काटेकोर लावलं तर शुद्ध दृष्टांतात ‘तैसा’ नसावा. मराठी व्याकरणांनी मात्र उदाहरणाचं वेगळं घर केलं नाही, ते दृष्टांतातच राहू दिलं. मराठीच्या पेपरात मराठीची रीत.

दुसरं चंदन अधिक अवघड.

होई जरी सतत दुष्टसंग ।
न पावती सज्जन सत्त्वभंग ।
असोनिया सर्प सदा शरीरी ।
झाला नसे चंदन तो विषारी ॥

छापील उत्तर अर्थांतरन्यास. सज्जनांबद्दल सामान्य विधान आणि त्याला चंदनाचा विशेष दाखला. पण आमच्यातल्या एकीने हिंदी कवी वृंदाचा दोहा पुढे केला: ‘करत करत अभ्यास के, जड़मति होत सुजान । रसरी आवत जात ते, सिल पर परत निसान ॥’ याला हिंदीत दृष्टांत म्हणतात. तिथेही पहिली ओळ सर्वसामान्यच आहे. मग चंदनाचं वेगळं का? तिचा मुद्दा बिनतोड होता. शिळा जडमती माणसांत मोडत नाही, तसं चंदनाचं झाडही सज्जनांत मोडत नाही. शिवाय जोड्याही लागतात: दुष्टांना सर्प, सत्त्वभंगाला विष. पोटात घेण्याची कसोटी इथे दृष्टांताकडे ढकलते.

बाईंनी तो तास तिथेच थांबवला आणि दोन्ही उत्तरं दोन-दोन ओळींच्या कारणांसह लिहून आणायला सांगितली. पर्यायांपैकी एकच निवडायचा असेल तर पुस्तकाप्रमाणे अर्थांतरन्यास, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. कारणासह उत्तर मागितलं असेल तर दृष्टांत म्हणणाऱ्यालाही त्या पूर्ण गुण द्यायच्या, कारण नीट असलं तर.

माझं मत आजही अर्थांतरन्यासाच्या बाजूने आहे, आणि ते ‘झाला नसे’ या क्रियापदामुळे. वृंदाच्या दोह्यात ‘होत’ आणि ‘परत’ ही दोन्ही रोज घडणाऱ्या गोष्टींची रूपं आहेत, म्हणून दोन्ही वाक्यं एका पायरीवर राहतात. या श्लोकात ‘न पावती’ हा नेहमीचा नियम आहे आणि ‘झाला नसे’ ही पडताळून पाहिलेली एक गोष्ट. ‘चंदन तो’ यातला ‘तो’ही बोट दाखवतो. कवी साक्षीदार हजर करतो आहे, आणि झाडांमधला सज्जन म्हणून चंदनाला त्या जातीत बसवतो आहे. जोड्या लागतात हे खरं, पण श्लोकाचा जोर त्या जोड्यांवर पडत नाही, पुराव्यावर पडतो. दोह्यावर बोट ठेवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे अजून पटलेलं नाही. या महोत्सवाला ती येणार आहे, तेव्हा तिचं म्हणणं तिच्याकडूनच ऐका.